धागा: शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या पागेला लिहिलेलं पत्र – दोनशे-अडीचशे शब्दांत साध्या मराठीत कसं आणावं?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात मुलांसाठी एक फलक करतोय. चिपळूणजवळ हलवर्णला जी पागा, म्हणजे घोडदळाचा तळ होता, तिच्या जुमलेदार-हवालदारांना महाराजांनी लिहिलेलं पत्र तुम्हा सगळ्यांना माहीत असेलच. मूळ पत्र पाच-सहाशे शब्दांचं आहे. ते तसंच लावलं तर सातवीतलं पोर दुसऱ्या ओळीला पाठ फिरवतं. म्हणून सोपा सारांश हवा. फलकावर लागेल आणि एक मुलगी तो मोठ्याने वाचूनही दाखवणार आहे. माझा पहिला खर्डा असा:

"शिवाजी महाराजांनी चिपळूण येथील आपल्या सैनिकांना लिहिलेले हे कडक पत्र आहे. सैनिक शेतकऱ्यांकडून धान्य, भाकरी, गवत, भाजी लुटत असल्याचे कळताच महाराज संतापले. तुम्ही मोगलांपेक्षाही वाईट आहात, असे त्यांनी सुनावले. शेतकऱ्याच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, असा हुकूम केला. तसेच आगीपासून सावध राहण्याची सूचना केली. रयतेबद्दलचा त्यांचा कळवळा या पत्रातून दिसून येतो."

शब्द कमी आहेत, अजून जागा आहे. काय घालू, काय काढू?

मोडीवेडा

छान झालंय. जुन्या पत्रांचं एक साधं सूत्र सांगतो. वरचा मायना आणि खालची तारीख-बिरीख बाजूला काढायची, ती ठराविक साच्याची असते. मधला मजकूर घ्यायचा, दोनदा आलेलं एकदा ठेवायचं. या पत्रात 'तसवीस', 'ताकीद', 'खण', 'गवत' हे तर पुन्हा पुन्हा येतं. ते गाळलं की निम्मं काम झालं.

कोकणचा_बाळ्या

भाजीचा देठ ठेवा हां, तोच तर सगळ्यांना पाठ आहे. बाकी कोणी वाचत नाही. :)

इंदूरची_सून

माफ करा, थोडं विषयांतर. सासूबाईंच्या ट्रंकेत एक लांबलचक पत्र सापडलंय, मोडीत आहे. घरातल्या कोणालाच वाचता येत नाही. एवढंच कळतं की खाली-खाली अक्षर बारीक होत गेलंय आणि शेवटी समासातही लिहिलंय. इथे कोणी वाचून देईल का? पैसे देईन.

दफ्तरातली

वाशिष्ठीकाठ, खर्डा वाचला. आधी सगळ्यात मोठी गोष्ट सांगते, कारण ती सुटली तर बाकी कितीही सजवलं तरी पत्र वेगळंच होतं.

सैनिकांनी लूट केली, असं या पत्रात कुठेही नाही. सगळं 'ऐसें करू लागलेत म्हणजे' या धाटणीचं आहे. पुढे काय होईल ते महाराज आधीच डोळ्यांसमोर उभं करतायत. ज्या प्रसंगाच्या आधी हे पत्र लिहिलंय, तुमच्या खर्ड्यात तो प्रसंग घडून गेलेला आहे. आणि त्यामुळे भावनाही पालटली. मूळ पत्रात धास्ती आहे, घरातल्या मोठ्या माणसाची आधीपासूनची काळजी आहे. तुमच्याकडे तिचा संताप झाला.

दुसरं, मोगलांचं वाक्य. 'त्याला ऐसें होईल कीं मोगल मुलकांत आले त्याहूनही अधिक तुम्ही!' इथे 'त्याला' म्हणजे कुणब्याला. हे कुणब्याच्या मनातलं बोलणं आहे, महाराजांनी आपल्या माणसांना दिलेली शिवी नव्हे. ते आपल्याच हवालदाराला सांगतायत, की उद्या गावातला माणूस तुझ्याकडे बघून हे म्हणेल. टोचतं ते त्यामुळेच. कोण कोणाच्या तोंडून बोलतंय हे सारांशात सगळ्यात आधी हरवतं.

तिसरं, बाळ्या यांचा देठ. तो या पत्रातला नाही. तो 1676 साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेल्या पत्रातला आहे. तिथे विषय महसुलाचा आहे, पागेचा नाही. इथे आहे तो शब्दप्रयोग 'रयतेस काडीचा आजार द्यावयाची गरज नाही'. दोन्ही पत्रं इतक्या भाषणांत एकत्र ऐकली जातात की कोणीही गोंधळेल.

कोकणचा_बाळ्या

आयला! लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा छापलेला बघितलाय तो देठ, या पत्राच्या नावाने.

मोडीवेडा

पण ताई, 'गरज नाही' म्हणजे तर 'तशी आवश्यकता नाही' इतकंच ना? मग तो हुकूम कसा? मला वाटतं तिथे महाराज सौम्यपणे सांगतायत.

दफ्तरातली

नाही हो. पुढची वाक्यं बघा. कोठारात शिरून लुटायची 'गरज नाही', कलागती करायची 'गरज नाही'. कोठार लुटायला कोणी सौम्यपणे 'गरज नाही' म्हणेल का? आजही आई पोराला म्हणते, 'तोंड वर करून बोलायची गरज नाही.' त्यातली सक्ती आहे ती. सारांशात सरळ 'देऊ नका', 'घुसू नका' लिहा.

तुमच्या सूत्राबद्दल: तारखेपाशी मी थांबत नाही. छापील पाठांत कुठे 1673 मिळतं, कुठे 1674. फलकावर वाद नको असेल तर '1673-74' लिहून मोकळे व्हा. पण मायना मात्र काढू नका. या मायन्यात 'जुमलेदारानी व हवालदारानी व कारकुनानी' असं आहे. म्हणजे पत्र साध्या शिपायाला नाही, त्याच्यावरच्या अधिकाऱ्यांना आहे. 'सैनिकांना लिहिलेले' म्हटलं की 'खासे खासे असाल ते हमेशा फिरत जाऊन' ही मागणीच अधांतरी राहते. रात्री फेरी कोणी मारायची? जुमलेदाराने, स्वतः.

पुनरावृत्तीचं म्हणाल तर तुमचं अर्धं बरोबर आहे. शेवटी 'हा रोखा तपशिलें ऐकणें' असं आहे. वाचणें नव्हे, ऐकणें. कारकून वाचणार आणि बाकीचे गोल करून ऐकणार. कानाने ऐकणाऱ्यासाठी तीच गोष्ट दोनदा सांगावी लागते. डोळ्याने वाचणाऱ्यासाठी एकदा पुरते. त्यामुळे 'ताकीद करून' दुसऱ्यांदा आलं तर खुशाल गाळा. पण 'कोण्ही भाकर, कोण्ही गवत, कोण्ही फाटें, कोण्ही भाजी' ही पुनरावृत्ती नव्हे. तिथे एकेक माणूस एकेक वस्तू घेऊन कुणब्याच्या घरातून बाहेर पडताना दिसतो. 'धान्य व इतर वस्तू' असं एका दमात लिहिलं की ते घर रिकामं होताना दिसत नाही.

वाशिष्ठीकाठ

हे सगळं पटलं. पण मग काय ठेवायचं आणि काय नाही हे ठरवायचं कसं? प्रत्येक वाक्य महत्त्वाचंच वाटायला लागलंय.

दफ्तरातली

मी काय करते ते सांगते. पत्राची प्रत काढायची आणि दोन रंगांच्या पेन्सिली घ्यायच्या. लाल पेन्सिलीने फक्त मागण्यांच्या खाली रेघ: समोरच्याने करायची किंवा टाळायची गोष्ट. निळ्याने कारणं: का करायची. बिनरेघेचं जे उरतं ते बहुतेक वेळा गाळता येतं.

या पत्रात लाल रेघा ओढल्या की मागण्यांचे तीन गट पडतात. रयतेबद्दल: त्रास देऊ नका, राहत्या जागेबाहेर पाय टाकू नका, लागेल ते बाजारातून रास्त भावाने विकत घ्या. दाण्याबद्दल: कारकून देईल तेवढाच रातीब, म्हणजे रोजचा ठरलेला दाणा घ्या, 'अमकेंच द्या तमकेंच द्या' करू नका, कोठारात शिरू नका, पावसाळाभर पुरवा. आगीबद्दल: वरिष्ठांनी फिरत राहून चुली, आगट्या आणि दिवे सांभाळा. वर शेवटी, हे सगळं नीट ऐका आणि रोज खबर घ्या. तुमच्या खर्ड्यात दाण्याचा अख्खा गट नाही आणि आग एका वाक्यात उरकलीय. मूळ पत्रात आगीला निदान पाव भाग दिलाय.

आता निळ्या रेघा बघा, त्यात गंमत आहे. तीनही गटांच्या मुळाशी एकच कारण आहे. फौज चिपळुणात राहिली, दाभोळ सुभ्यात पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा त्यात संपत आला, आसपासच्या गावांनाही फौजेची झळ लागली आणि त्यांच्याकडेही काही उरलं नाही. मग गडागडांवरून जमवून कशीबशी बेगमी केली. ती संपली तर पडत्या पावसात दुसरी नाही. दाणा उधळला तर घोडी मरतील, घोडी वाचवायला गावात शिराल, गावात शिरलात तर रयत उठून जाईल. ही साखळी सारांशात राहिली पाहिजे. ती राहिली नाही तर 'रयतेला त्रास देऊ नका' हा नुसता सुविचार होतो.

आणि तुमचं शेवटचं वाक्य, 'कळवळा दिसून येतो', ते काढा. भावना नाव घेऊन सांगायची नाही. ज्या तपशिलातून ती मूळात दिसते, तो तपशील ठेवायचा. या पत्रात माझ्या मते तो उंदीर आहे.

कोकणचा_बाळ्या

उंदीर??

दफ्तरातली

'रात्रीस दिवा घरांत असेल, अविस्राच उंदीर वात नेईल, ते गोष्टी न हो.' गवताच्या गंज्या रचलेल्या, शेजारी माणसांच्या राहण्याचे खण, आत तेलाचा दिवा. उंदीर तेलाच्या वासाने पेटती वात ओढत नेतो आणि सगळं जळतं. एवढ्या मोठ्या मुलखाचा कारभार बघणारा माणूस इतक्या बारीक गोष्टीपर्यंत जाऊन विचार करतो. 'ते अत्यंत चिंतित होते' या चार शब्दांत ते येत नाही.

गोठ्यातला_डॉक्टर

मी गुरांचा डॉक्टर, इतिहासातलं फार कळत नाही. पण एक वाक्य सगळे गाळतात म्हणून लिहितो. 'उपास न पडतां रोजबरोज खायाला सांपडें आणि होत होत घोडीं तवाना होत.' हे शुद्ध पशुपालन आहे. उपाशी, खंगलेल्या घोड्यासमोर एकदम भरपूर दाणा टाकला तर पोटशूळ उठतो, खुरं धरतात, कधी घोडं दगावतंही. दाणा वाढवायचा तो दिवसामागून दिवस, थोडाथोडा. म्हणून 'कारकून देईल तेवढंच घ्या' ही नुसती काटकसर नाही. घोडं हळूहळू सावरायचं तर हाच मार्ग. सारांशात 'रोज थोडं-थोडं' एवढं तरी यावं.

मोडीवेडा

मान्य. डॉक्टरांनी सांगितल्यावर मीही परत वाचलं. मी ते वाक्य नेहमी 'दाणा जपून वापरा' असं एका झटक्यात उरकायचो.

वाशिष्ठीकाठ

दुसरा खर्डा. अडीचशेच्या जवळ पोचलाय, पण चालेल.

"हलवर्ण, चिपळूण इथल्या पागेचे जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना:

फौज चिपळुणास राहिली, त्यामुळे पावसाळ्यासाठी दाभोळ सुभ्यात ठेवलेला दाणागोटा बराचसा संपला. आसपासच्या गावांनाही झळ लागली, तिथेही आता काही उरलेलं नाही. तरी कारकुनांकडून आणि गडागडांवरून धान्य मिळवून पागेची कशीबशी सोय केली आहे. आज मनाला येईल तसं माराल-चाराल, तर भर पावसात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल.

मग तुमची माणसं गावात शिरतील. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजी. जे कुणबी जीव धरून घरात राहिले आहेत, तेही निघून जातील. काही उपाशी मरतील. ते म्हणतील, मोगल आले त्याहूनही तुम्ही जास्त! असा तळतळाट होईल, आणि रयतेची आणि घोड्यांची सारी बदनामी तुमच्यावर येईल.

म्हणून रयतेला काडीचाही त्रास देऊ नका. राहत्या जागेबाहेर पाय टाकू नका. खजिन्यातून पैसे तुमच्या पदरात घातले आहेत. लागेल ते बाजारात जाऊन रास्त भावाने विकत आणा. कारकून देतील तेवढाच दाणा घ्या, म्हणजे रोज थोडं-थोडं मिळून घोडी हळूहळू सावरतील आणि साठा पावसाळाभर पुरेल. कारकुनांशी भांडू नका, कोठारात घुसू नका.

आणि आग सांभाळा. कोणी शेकोट्या करतील, कोणी भलत्याच जागी चूल मांडतील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेतील. गवत पडलंय, वारा सुटलाय हे कोणी मनात आणणार नाही. एक खण पेटला की सगळे पेटतील. मग कुणब्यांच्या माना मारल्या, तरी खण बांधायला एक लाकूड मिळणार नाही. वरिष्ठांनी स्वतः फिरत राहावं. रात्री घरात दिवा असेल, त्याची वात उंदीर पळवील, तेवढंही होऊ देऊ नका. खण आणि गवत वाचलं तर घोडी वाचली. नाहीतर घोडी बांधायला नकोत, खायला घालायला नको, पागाच बुडाली.

हे पत्र सगळ्यांनी नीट ऐका. रोजच्या रोज खबर घ्या. ज्याच्याकडून यात कसूर होईल, त्याला शिक्षा झाल्याशिवाय राहणार नाही."

कोकणचा_बाळ्या

अंगावर काटा आला राव. 'पागाच बुडाली' मी पहिल्यांदा वाचलं.

दफ्तरातली

'माराल-चाराल' मधलं 'माराल' काढा, मूळात तसं काही नाही, उगाच अर्थ ओढला जातो. 'मनाला येईल तसं चाराल' पुरे. 'घोडी बांधायला नकोत, खायला घालायला नको' हे ठेवलंत ते फार चांगलं केलंत. तो कडवट टोमणा आहे, हुकूम नाही, आणि बहुतेक सारांशांत तो 'मोठे नुकसान होईल' होऊन मरतो.

आता एक तपासणी करा. हा मजकूर अशा कोणाला तरी द्या, ज्याने मूळ पत्र वाचलेलं नाही, आणि विचारा: 'तू हलवर्णचा हवालदार आहेस. उद्या सकाळपासून काय करशील?' त्याच्या उत्तरात बाजार, कारकून आणि रात्रीची फेरी हे तिन्ही यायला हवं. मग विचारा: 'लिहिणारा रागावलाय की घाबरलाय?' नुसतं 'रागावलाय' आलं तर कुठेतरी काळजी सांडली असं समजा.

वाशिष्ठीकाठ

वाचून दाखवणाऱ्या मुलीच्या आईला विचारलं. पहिल्याला: 'पैसे देऊन आणीन, कारकुनाशी वाद घालणार नाही, रात्री दिवे बघीन.' दुसऱ्याला: 'पोरं एकटी घरी सोडून गावाला जाताना मी अशीच बोलते. गॅस बंद कर, शेजारी जाऊन काही मागू नकोस.' मला वाटतं जमलं.

पण एक अडचण. कुणब्यांच्या माना मारायचं वाक्य. सातवीतल्या मुलांसमोर? शाळेचे एक सर म्हणाले, काढून टाका, महाराजांबद्दल गैरसमज होईल.

मोडीवेडा

काढा. सारांश आहे, पूर्ण पत्र नाही. मुलांना उगाच प्रश्न पडतील.

दफ्तरातली

मी ठेवीन. वाक्याचा रोख असा आहे की मग कितीही जुलूम केलात तरी लाकूड मिळणार नाही, म्हणजे जुलूम हा उपायच नव्हे. ते काढलंत तर 'एक लाकूड मिळणार नाही' ला जोर कसला? फारच अवघड वाटत असेल तर 'मग कुणब्यांचे जीव घेतले तरी' असं करा. पण सरांच्या सोयीसाठी पत्र गुळगुळीत करायला माझा विरोध आहे.

गोठ्यातला_डॉक्टर

मुलांना प्रश्न पडले तर बिघडलं काय?

मोडीवेडा

बरं, ते तुम्ही ठरवा. माझी शंका शेवटाबद्दल आहे. 'मराठियाची तो इज्जत वांचणार नाही, मग रोजगार कैसा?' हे तुमच्या खर्ड्यात आलंच नाही. मी ते असं वाचतो, की असं वागलात तर मराठ्यांची म्हणून जी अब्रू आहे तीच जाईल, मग नोकरीला काय अर्थ? म्हणजे सगळ्यात मोठी भावना तीच.

दफ्तरातली

ते तसं वाचता येतं. पण त्याच्या आधी 'ज्याचा गुन्हा होईल, बदनामी ज्यावर येईल त्यास' आहे आणि नंतर शिक्षेची भाषा आहे. त्यामुळे 'अपराधी कोणी मराठा असला तरी त्याची इज्जत राखली जाणार नाही, मग त्याची नोकरी कुठली टिकायला' असंही वाचता येतं. एकात अभिमान आहे, दुसऱ्यात धाक. वाक्य इतकं तुटक आहे की मी तरी छातीठोकपणे एक बाजू घेणार नाही. दोन्ही झाकणारं काहीतरी लिहा: 'त्याची अब्रू राहणार नाही, मग नोकरी कसली?' कोणाची अब्रू, ते मुलीच्या आवाजावर सोडा.

मोडीवेडा

मला अजूनही पहिलंच बरोबर वाटतं. पण फलकासाठी ही तडजोड चालेल.

दफ्तरातली

इंदूरची_सून, तुमचं राहिलंच. महाराष्ट्राचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, तिथून शिकलेले बरेच जण खासगीत वाचून देतात. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातही विचारता येईल. आधी पूर्ण लिप्यंतर मागा, सारांश मागू नका. वाचणाऱ्याला घरची नावं-नाती माहीत नसतात. आणि समासातला मजकूर वेगळा लिहून घ्या, तो कुठे जोडलाय हे खुणेसकट. लिहून संपल्यावर जे राहवलं नाही ते माणसं समासात लिहीत, बऱ्याचदा खरी मागणी तिथेच असते.

इंदूरची_सून

धन्यवाद ताई! फोटो काढून ठेवलेत. समासात एक शब्द मात्र सासूबाईंनी ओळखला, 'बांगड्या'. आता चैन पडत नाहीये.

वाशिष्ठीकाठ

माना मारायचं वाक्य ठेवतोय, तुमच्या दुसऱ्या शब्दांत. सरांशी उद्या बोलतो. फलकाच्या खाली मूळ पत्रातल्या दोन ओळी जुन्या भाषेतच छापायच्या म्हणतोय. 'कोण्ही भाकर, कोण्ही गवत'ची घेऊ की उंदराची?

कोकणचा_बाळ्या

उंदीर. चित्र पण काढता येईल.